शुक्रवारची रात्र नेमकी कोणती?

२०२५ च्या रमजानमध्ये आमच्या मोहल्ल्यात चाळीस लिटर दूध एक दिवस उशिरा आलं. दूधवाल्याची चूक नव्हती. मशिदीच्या कमिटीचीही नव्हती. चूक माझी होती, आणि ती मी शुद्ध मराठीत केली होती.

झालं असं. रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री आमच्या मशिदीत तरावीहच्या नमाजमध्ये कुरआनचं पठण पूर्ण होतं. त्या रात्री बरेच लोक घरी जातच नाहीत. इबादत करत जागतात आणि पहाटे तिथंच सहेरी करून पुढच्या रोजाला लागतात. त्यांच्यासाठी चहा आणि शेवयांची खीर असते, म्हणून दूध लागतं. गावाबाहेरच्या वस्तीवर म्हशी असलेले एक काका गेली कित्येक वर्षं ते देतात. कमिटीतले चाचा उर्दूत लिहितात, काका मराठीत वाचतात, आणि दोन्ही भाषा येणारा मी मधल्यामध्ये. चाचांनी मंगळवारी मला निरोप पाठवला, त्याचा अर्थ असा होता की जुम्याच्या शबला, म्हणजे सत्ताविसावीला, चाळीस लिटर दूध हवं. मी तो शब्दाला शब्द लावून मराठीत केला आणि काकांना पाठवला: ‘शुक्रवारच्या रात्री, सत्ताविसावीला, ४० लिटर दूध पाठवावे.’

गुरुवारी रात्री नऊ वाजले तरी दूध आलं नाही. काकांचा फोन लागेना. शेवटी पोरांनी चार दुकानं पालथी घालून पिशवीचं दूध गोळा केलं, खीर पातळ झाली, पण रात्र निभावली. शुक्रवारी रात्री साडेनऊला काका टेम्पोत चार कॅन घालून हजर. दुसऱ्या दोन गोठ्यांतूनही दूध घेतलं होतं त्यांनी, आणि त्यासाठी एका साखरपुड्याची ऑर्डर सोडली होती. सत्तर रुपये लिटरनं अठ्ठावीसशे रुपयांचं दूध, आणि ते घ्यायला मशिदीत कोणी नाही. चाचा म्हणाले, “सर, मैंने तो साफ लिखा था.” काका म्हणाले, “सर, तुम्हीच शुक्रवार लिहिलंय, हे बघा.” दोघांचंही खरं होतं. अठ्ठावीसशे रुपये मी दिले.

पैशांपेक्षा मला लागलं ते दुसरंच. भाषा शिकवणारा माणूस मी. शब्द बरोबर, व्याकरण बरोबर, आणि अर्थ चोवीस तासांनी चुकलेला.

दिवस सुरू कधी होतो?

उर्दूत गुरुवारला ‘जुमेरात’ म्हणतात. शब्द फोडून पाहा: जुम्याची रात. जुम्मा म्हणजे शुक्रवार, मग गुरुवारला शुक्रवारची रात्र का म्हणायचं? कारण इस्लामी हिशेबात दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. आधी रात्र येते, मग तिचा दिवस. गुरुवारी सूर्य मावळला की शुक्रवार लागला. म्हणून शुक्रवारची रात्र ही शुक्रवारच्या आधीची रात्र. ईदच्या आदल्या संध्याकाळी दिसणाऱ्या चंद्राची ती चाँदरात, तिचंही तेच. ज्यूंचा शब्बाथही शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो, आणि ख्रिस्ती कुटुंबांचा नाताळ २४ डिसेंबरच्या रात्रीच उजाडतो, त्याच्या मुळाशीही हाच जुना हिशेब आहे.

घड्याळाचा आणि सरकारी कामकाजाचा दिवस मध्यरात्री बदलतो. पंचांगातला वार मात्र सूर्योदयापासून पुढच्या सूर्योदयापर्यंत चालतो, आणि मराठी बोलण्यात त्याचीच सवय मुरलेली आहे. गुरुवारी रात्री दीड वाजता कोणी दार वाजवलं, तर दुसऱ्या दिवशी आपण ‘काल रात्री दीडला’ असं सांगतो. घड्याळाप्रमाणे ते आजच घडलेलं असतं. पण उजाडलं नाही तोवर नवा दिवस नाही, असं मन मानतं.

आता या तीन हिशेबांत ती रात्र मांडून पाहू. त्या वर्षी आपल्याकडे पहिला रोजा रविवारी, २ मार्चला होता. म्हणजे सव्विसावा रोजा गुरुवारी, २७ मार्चला आला. संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळला, लोकांनी खजूर तोंडात घातला, आणि त्या क्षणी सव्विसावा दिवस संपून सत्ताविसावी रात्र सुरू झाली. चाचांच्या लेखी शुक्रवार लागला. घड्याळाच्या लेखी अजून गुरुवारच होता, शुक्रवार लागायला सव्वापाच तास होते. काकांच्या लेखी तर शुक्रवार म्हणजे सकाळची धार काढायला उठल्यावर. आणि ‘शुक्रवारची रात्र’ म्हणजे तो शुक्रवार मावळल्यानंतरची, २८ मार्चची रात्र. काकांनी तेच वाचलं. मराठी वाचणारा कोणीही तेच वाचेल.

‘सत्ताविसावीला’ या शब्दानं काकांना सावध करायला हवं होतं, असं चाचांचं म्हणणं. पण त्यांनी तोही नीट पडताळला होता. त्यांनी गल्लीतल्या एका मुलाला विचारलं, सत्ताविसावा रोजा कधी? मुलानं बरोबर सांगितलं, शुक्रवारी. काकांना वाटलं, जुळलं. सत्ताविसावा रोजा शुक्रवारी, तर सत्ताविसावी रात्र शुक्रवारीच. रोजाच्या आकड्याची रात्र त्या रोजाच्या आधी येते, हे कळायला रोजे धरणाऱ्या घरात वाढावं लागतं. चुकीच्या अर्थाला पडताळणीतूनही दुजोरा मिळाला, म्हणूनच ती चूक कुणाच्या लक्षात आली नाही.

म्हणून रात्रीचं काही ठरवताना मी आता एकाच वाराचं नाव घेत नाही. रात्र दोन तारखांना चिकटलेली असते, तर दोन्ही लिहायच्या: ‘गुरुवार २७ मार्च आणि शुक्रवार २८ मार्च यांच्या मधली रात्र.’ जरा लांब वाटतं, पण मग दिवस सूर्यास्ताला सुरू करा, मध्यरात्री करा, नाही तर सूर्योदयाला, रात्र एकच उरते.

रात्रीचे बारा

मध्यरात्रीची गोष्ट याहून अवघड, कारण तिथं एकाच भाषेतले, एकाच घरातले लोकही चुकतात. प्रत्येक तारखेला दोन मध्यरात्री लागून असतात, एक तिच्या सुरुवातीला आणि एक शेवटाला. ‘२८ मार्च, रात्री १२ पर्यंत’ असं लिहिलं, तर यातली कोणती? माझ्या एका विद्यार्थिनीनं शिष्यवृत्तीचा अर्ज अशाच शेवटच्या तारखेला भरायचा ठरवला. २८ तारखेला संध्याकाळी ती कागदपत्रं घेऊन बसली, तर अर्जाची खिडकी बंद. संगणकानं २८ तारीख सुरू होतानाची मध्यरात्र धरली होती. तिनं २८ तारीख संपतानाची धरली. तिचं ते वर्ष फीच्या हप्त्यांवर गेलं.

एएम आणि पीएम लिहिल्यानं हे सुटत नाही. त्या अक्षरांचा अर्थ माध्यान्हाच्या आधी आणि नंतर एवढाच. बरोबर माध्यान्ह त्याच्या आधीही नाही आणि नंतरही नाही, आणि मध्यरात्र दोन माध्यान्हांच्या बरोबर मध्ये. अमेरिकेत वेळेची प्रमाणं सांभाळणारी ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी’ ही सरकारी संस्थासुद्धा सांगते की १२ एएम आणि १२ पीएम संदिग्ध आहेत. करारात किंवा मुदतीत ते लिहू नका, ११:५९ किंवा १२:०१ लिहा. एका मिनिटाची किंमत देऊन एक अख्खा दिवस वाचतो.

आपली रेल्वे चोवीस तासांचं घड्याळ वापरते, त्यामुळे तिथं एएम-पीएमचा घोळ नाही. पण सवयीचा आहे. तिकिटावर १५ तारीख आणि 00:10 अशी वेळ असली, तर स्टेशनवर १४ तारखेच्या रात्रीच जावं लागतं. जेवून-खाऊन १५ तारखेच्या रात्री निघालेल्या माणसाची गाडी आदल्याच रात्री गेलेली असते. काकांसारखीच ही चूक. मनातला दिवस उजाडल्यावर सुरू होतो, तिकिटावरचा मध्यरात्री.

मग ‘आज रात्री बारा वाजल्यापासून’ हे आपण इतक्या वेळा ऐकलं, तेव्हा गोंधळ का झाला नाही? ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी आणि २४ मार्च २०२० ला टाळेबंदी जाहीर झाली, दोन्ही वेळा रात्री आठच्या सुमारास, दूरचित्रवाणीवर, आणि अंमल त्याच मध्यरात्रीपासून. ऐकणाऱ्याला ‘आज’ कोणता हे माहीत होतं, आणि पुढं एकच मध्यरात्र उरली होती. समोरासमोर बोलताना वेळच अर्थ पुरवते. लेखी निरोपाला तो आधार नसतो. ‘आज रात्री १२ नंतर पाणी येणार नाही’ हा निरोप मोबाइलवर एकानं दुसऱ्याला पुढं पाठवला की वेळ दिसते ती पुढं पाठवल्याची, मूळ लिहिल्याची नव्हे. दोन दिवसांनी आलेला ‘आज’ कोणाचा आज? रमजानमध्ये असे निरोप फार फिरतात: आज शब-ए-कद्र, उद्या शेवटची तरावीह, आज रात्री नऊला बयान. पुढं पाठवला जाणार अशा निरोपात ‘आज’ आणि ‘उद्या’ हे शब्द असू नयेत, एवढं मी आमच्या मंडळींना पटवलं आहे.

पुढचा शुक्रवार

दिवसाउजेडीही सगळं सरळ नाही. मंगळवारी कोणी म्हणालं, ‘पुढच्या शुक्रवारी इफ्तारला या’, तर काही जण तीन दिवसांनी येतील आणि काही दहा दिवसांनी. ‘पुढचा’ या शब्दात दोन अर्थ आहेत. एक म्हणजे आपल्या पुढं असलेला पहिला. दुसरा म्हणजे ‘हा’ सोडून त्यानंतरचा, जसा हा महिना आणि पुढचा महिना. शनिवारी बोललं तर वाद होत नाही, कारण त्या आठवड्यातला शुक्रवार मागं पडलेला असतो. सोमवार ते गुरुवार मात्र धोक्याचे. ‘येत्या शुक्रवारी’ त्या मानानं बरं, ते बहुतेकांना जवळचंच वाटतं. उर्दूतल्या ‘अगले जुम्मे’ ची गत ‘पुढच्या’ सारखीच आणि ‘आनेवाला जुम्मा’ ची ‘येत्या’ सारखी.

आमच्या उर्दूनं यात स्वतःची भर घातली आहे. ‘हफ्ता’ म्हणजे आठवडा, आणि ‘हफ्ता’ म्हणजे शनिवारसुद्धा. ‘अगले हफ्ते मिलेंगे’ म्हणजे पुढच्या आठवड्यात की पुढच्या शनिवारी? आमच्या आजीच्या बोलण्यात ‘सनीचर’ होता, तिला अडचण नव्हती. शाळेत शिकलेल्या उर्दूनं ती आणली. मराठी शेजाऱ्याच्या कानावर ‘हफ्ता’ पडला, तर त्याला आधी कर्जाचा हप्ता आठवतो.

‘कल’ म्हणजे कालही आणि उद्याही, यावरून मराठी मित्र आम्हाला चिडवतात. मी त्यांना ‘परवा’ ची आठवण करून देतो. परवा आलो आणि परवा येतो, दोन्ही मराठीच. तिथं क्रियापद सांभाळून घेतं. पण मोबाइलवर आपण क्रियापदच गाळतो. ‘मीटिंग परवा’ एवढाच निरोप आला, तर ती झाली की व्हायची आहे? आणि ‘आठ दिवसांनी’ म्हणजे मराठीत बहुतेक वेळा सातच दिवस. रविवारी ‘आठ दिवसांनी भेटू’ म्हटलं की पुढचा रविवार. आजचा दिवस मोजण्यात धरला जातो, म्हणून आठ. तसेच ‘पंधरा दिवस’ म्हणजे दोन आठवडे, चौदा. कानाला हे बरोबर लागतं. पण नव्यानं मराठी शिकलेला माणूस बोटं मोजून सोमवारी येतो.

वीकेंडचं तर गावागणिक वेगळं. आमच्या स्टाफरूममध्ये तो शनिवार-रविवार. ज्याचं दुकान बाजाराच्या साप्ताहिक सुट्टीला बंद असतं, त्याला रविवारी उसंत नसते. आणि कोकणातल्या कितीतरी घरांतली माणसं आखातात आहेत. सौदी अरेबियात २०१३ पर्यंत सुट्टी गुरुवार-शुक्रवारी होती, आता शुक्रवार-शनिवारी आहे. संयुक्त अरब अमिरातीत जानेवारी २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस. ‘वीकेंडला सगळे मिळून व्हिडिओ कॉल करू’ असं रियाध, दुबई आणि रत्नागिरीत एकाच वेळी लिहिलं, तर तिन्हीकडे सुट्टी असणारा एकच दिवस निघतो, शनिवार. तो शब्द लिहिला तर निरोप ‘वीकेंड’ पेक्षा लांबही होत नाही.

आखाताशी बोलताना रमजानचा आकडा तर मुळीच वापरू नये. २०२५ मध्ये सौदीत पहिला रोजा १ मार्चला होता, आपल्याकडे २ मार्चला. तिथली सत्ताविसावी रात्र आपल्याकडे सव्विसावी होती. भावानं तिकडून ‘सत्ताविसावीला फोन करतो’ म्हटलं, तर कोणाची सत्ताविसावी?

जे ठरलेलंच नाही, त्याचं काय?

इथं एक फरक सांभाळायला हवा. काही निरोप शब्दांमुळे संदिग्ध होतात. काहींमध्ये गोष्टच अजून ठरलेली नसते. ईद त्यातली. इस्लामी महिना २९ किंवा ३० दिवसांचा, आणि कोणता ते एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्र पाहून ठरतं. तेव्हा ईदच्या जेवणाचं आमंत्रण आठवडाभर आधी द्यायचं असेल, तर एकच तारीख ठामपणे लिहिणं ही खोटी स्पष्टता झाली. आणि ‘ईदच्या दिवशी या’ एवढंच लिहिलं, तर मराठी शेजारी कॅलेंडरवर छापलेली लाल तारीख पाहून येतो. सुट्टीची ती तारीख आधीच छापलेली असते, ती एक दिवसानं सरकू शकते.

२०२५ साठी मी शेजाऱ्यांना असं लिहिलं होतं: ‘रविवार ३० मार्चच्या संध्याकाळी चाँद दिसला, तर ईद सोमवार ३१ मार्च. नाही दिसला, तर मंगळवार १ एप्रिल. कोणता ते रविवारी रात्री साडेआठपर्यंत कळवतो. दुपारी एकला जेवायला या.’ रविवारी चाँद दिसला, मी ‘सोमवार ३१’ एवढंच कळवलं, आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनी बरोबर एकला श्रीखंडाचा डबा घेऊन आल्या. जे ठरलंय ते, जे ठरायचंय ते, आणि ते कधी कळेल, तिन्ही लिहिलं की समोरच्याला आपला दिवस आखता येतो.

तो निरोप पुन्हा लिहिताना

माझा पहिला निरोप सात शब्दांचा होता. नंतर मी तो कसा असायला हवा होता ते लिहून पाहिलं:

‘काका, ४० लिटर दूध गुरुवार, २७ मार्च रोजी संध्याकाळी ७:३० पर्यंत मशिदीत पोचवा. त्या रात्री जागरण आहे, शुक्रवारी पहाटे पाचपर्यंत वापरायचं आहे.’

यात ‘सत्ताविसावी’ नाही. ती आमच्यासाठी महत्त्वाची, काकांना दूध पोचवायला तिची गरज नाही. ‘रात्र’ आहे, पण वेळ ठरवायला नाही, कारण सांगायला. वार आणि तारीख दोन्ही आहेत, आणि ती जोडी मी कधी सोडत नाही. तारखेचा आकडा लिहिताना बोट चुकलं, २७ ऐवजी २८ पडलं, तर ‘गुरुवार २८’ वाचून काका लगेच फोन करतील, कारण कॅलेंडरवर ती जोडी नाहीच. नुसती तारीख चुकली तर कोणाला कळणार नाही. आणि दूध कशासाठी, कधीपर्यंत हेही आहे. वेळ चुकून लिहिली गेली, तरी कारण वाचून माणूस शंका काढतो.

पण या निरोपातही एक उणीव होती, ती काकांनीच मला दाखवली. पुढच्या रमजानला ऑर्डर देताना मी वार, तारीख, वेळ सगळं नीट लिहिलं. काकांचं उत्तर आलं: ‘म्हणजे संध्याकाळच्या धारेचं दूध.’

मी ते दोनदा वाचलं. आमच्याकडे चाँद आहे, कॉलेजात घड्याळ आहे, पंचांगात सूर्योदय आहे. काकांच्या दिवसाला दोनच ठाव आहेत, सकाळची धार आणि संध्याकाळची धार. माझं वाक्य कितीही नेटकं असलं, तरी त्यांनी ते त्या दोन ठावांपैकी एकावर बसवलं, तेव्हाच ते त्यांना कळलं. आणि ते बरोबर बसलं की नाही, हे मला त्यांचं उत्तर आलं तेव्हाच कळलं. ‘ठीक आहे’ एवढंच आलं असतं, तर कळलं नसतं. ‘ठीक आहे’ तर त्यांनी त्या वर्षीही लिहिलं होतं.

आता निरोप पाठवल्यावर मी विचारतो, “काका, कोणती धार?” चाचांनाही ते आवडलंय. मगरिबची अजान झाली, रोजा सुटला, आणि दाराशी कॅनचा आवाज आला, की चाचा खजूर चघळत म्हणतात, “लो, शाम की धार आ गई.”